चार कॉलेजं आणि कुरकुंभचं गेट

खंडूमामाच्या विद्यापीठाची शिष्यवृत्ती त्या दिवशी संध्याकाळी सहा वाजता संपणार होती. त्याआधी ती तीनदा संपली होती. एकदा गणपतीत, एकदा घटस्थापनेला आणि एकदा मागच्या गुरुवारी. तरीही खंडूमामा घड्याळाकडे असा बघत होता, की घरातल्या म्हशीलाही घाई वाटावी.

"आक्का, सीट हातची जाईल बरं का. माझ्या शब्दावर रोखून धरलीय," तो बहिणीला, म्हणजे सुरेखाला म्हणाला.

सुरेखानं त्याला चहा दिला आणि माझ्याकडं बघितलं. मी शिरूरहून न्हावऱ्याजवळच्या त्या वस्तीवर मुद्दाम गेलो होतो, कारण सुरेखाच्या मुलीनं, प्रगतीनं फोन केला होता. "गुरुजी, मला चार ठिकाणी मिळतंय आणि घरात पाच मतं आहेत. तुम्ही या." ती चौथीत माझ्या वर्गात होती. त्या वयातही ती उत्तर ऐकल्यावर "पण का?" म्हणायची. मला ते आवडायचं. तपासणीला आलेल्या साहेबांना आवडायचं नाही.

प्रगतीला बी. फार्मसी करायचं होतं. औषधाचं दुकान टाकायला नाही. गोळीत लिहिलंय तेवढंच औषध आहे का, हे प्रयोगशाळेत तपासायचं काम तिला हवं होतं. बारावीत असताना तिनं त्याचा एक व्हिडिओ बघितला होता. एचपीएलसी नावाचं यंत्र गोळीतले घटक वेगळे करून कागदावर उंचवटे काढतं, आणि त्या उंचवट्यांवरून माणूस सांगतो, गोळी खरी की खोटी. "आई, डॉक्टरचं पण खोटं पकडता येतं यात," असं ती घरी म्हणाली होती आणि सुरेखा घाबरली होती.

जुलैपासून ती शिरूरच्या कॉलेजात बी. एस्सी.ला जात होती, कारण फार्मसीचे प्रवेश नेहमीप्रमाणे रखडले होते. आता राज्याच्या सामाईक प्रवेशाची, म्हणजे कॅपची, शेवटची फेरी लागली होती. तीत मिळालेली जागा घ्यायची तर परवा संध्याकाळी पाचच्या आत कागदपत्रं घेऊन कॉलेजात हजर व्हायचं होतं. नाही गेलं तर ती जागा गेली, आणि फार्मसी या वर्षापुरती पैसेवाल्यांची.

म्हणून आम्ही ओसरीत बसलो होतो. प्रगतीचा बाप सतीश दुधाची पिकअप चालवतो. तो संध्याकाळच्या दुधाआधी जेवढा वेळ होता तेवढाच बसला होता. आजोबा गेणबा खांबाला टेकून तंबाखू मळत होते. या घरात पूर्वी शेकडो मेंढरं होती. आता उसाची शेती आहे आणि चाळीस मेंढरं उरलीत. गेणबांच्या म्हणण्यानुसार, घरात कुणीतरी आपलं ऐकणारं असावं म्हणून.

मी पशुखाद्याच्या कंपनीचं जुनं कॅलेंडर उलटं केलं आणि रेघा मारल्या. उभ्या रकान्यात चार कॉलेजं, आडव्या ओळीत चार गोष्टी. खर्च, अभ्यासक्रम, नोकऱ्या आणि अंतर. प्रत्येकीला दहापैकी गुण. चाळीस वर्षं मुलांना गुण दिले. कॉलेजांना द्यायला मिळाले याचा मला थोडा आनंदच झाला होता.

"पहिलं माझं घ्या," खंडूमामा म्हणाला. "सुवर्णशिखर विद्यापीठ. पुण्याच्या पलीकडं, डोंगरावर. फी एक लाख ऐंशी, पण पन्नास टक्के स्कॉलरशिप. म्हंजी नव्वदच. निम्म्यात काम!"

"होस्टेल?" प्रगतीनं विचारलं.

"त्ये आपलं... असतंय."

"कंपल्सरी आहे, मामा. एक लाख वीस. आणि स्कॉलरशिप पहिल्या वर्षीच. पुढं आठच्या वर सीजीपीए राहिला तर. खाली बारीक अक्षरात आहे."

"तू राहशील की आठच्या वर! हुशार पोरगी तू."

"मामा, तुम्हाला किती मिळणार?" तिनं अगदी सरळ विचारलं.

खंडूमामानं चहाची बशी खाली ठेवली. "कुणाला? मला? मी तुझा मामा हाय, प्रगती. मी एजंट न्हाई, मी कौन्सेलर हाय."

"कौन्सेलरला किती मिळतंय?" गेणबा तंबाखू तोंडात टाकत म्हणाले.

मी खर्चाच्या चौकोनात चार लिहिले.

दुसरं होतं ज्ञानसंगम फार्मसी, दौंडच्या अलीकडं. कॅपमधून मिळालेली जागा हीच. फी पंच्याण्णव हजार. पण प्रगती भटक्या जमाती क प्रवर्गातली, जातवैधता झालेली, नॉन-क्रिमिलेअर काढलेलं. कॅपमधून गेली तर शिकवणी फी आणि परीक्षा फी सरकार भरणार. वरचा विकास निधी वगैरे धरून दहा-बारा हजार घरचे. हीच सवलत खंडूमामाच्या विद्यापीठात नव्हती, कारण ते कॅपमध्ये नव्हतं. मी नऊ गुण दिले. ज्ञानसंगमच्या पत्रकावर मोठ्या अक्षरात छापलं होतं, 'प्लेसमेंट ९४ टक्के'.

तिसरं पुण्यातलं, जुनं, नावाजलेलं. तिथं मॅनेजमेंट कोट्यातली जागा देतो म्हणून त्यांनी फोन केला होता. शिक्षण उत्तम, असं सगळेच सांगत. पण मॅनेजमेंटच्या जागेला सरकारी सवलत लागू नाही. फी आणि राहणं-खाणं मिळून वर्षाला सव्वादोन लाख. चार वर्षं.

चौथं शिरूरचंच, जिथं ती जात होती. बी. एस्सी. केमिस्ट्री. खर्च जवळजवळ नाही, एसटीचा सवलतीचा पास. प्लेसमेंट सेल म्हणून एक सर होते. ते एनएसएसही बघत, निवडणुकीच्या कामालाही जात आणि कॉलेजच्या गॅदरिंगला ढोलकीही वाजवत.

"अभ्यासक्रम?" मी विचारलं.

"बी. फार्मसीचा सगळीकडं एकच असतो, गुरुजी," प्रगती म्हणाली. "फार्मसी कौन्सिल ठरवून देतं. चार वर्षं, आठ सेमिस्टर, तेच विषय. सुवर्णशिखरवाले 'ग्लोबल करिक्युलम' म्हणतात, पण मी दोन्ही उघडून शेजारी ठेवले. विषय तेच आहेत, फक्त कागद जाड आहे."

हे ऐकून मी शहाण्यासारखं थांबायला हवं होतं. पण मी बेरीज करत होतो. ज्ञानसंगमच्या पत्रकात शिक्षकांची माहिती नव्हती, तिथं पाच. पुण्यानं नोकऱ्यांची आकडेवारी दिलीच नव्हती, तिथं चार. शिरूरला पत्रकच नव्हतं, तिथं दोन. सुवर्णशिखरचं बत्तीस पानांचं रंगीत पुस्तक होतं. त्यात शिक्षक, यंत्रं, परदेशी करार, 'सर्वोच्च पॅकेज २२ लाख', पोहण्याचा तलाव, सगळं होतं. मी गुण देत गेलो.

सुवर्णशिखर पहिलं आलं. चाळीसपैकी एकोणतीस.

खंडूमामा उठून उभाच राहिला. "बघा! गुरुजींनी गणितानं सांगितलं. आता सहाच्या आत फॉर्म भरू."

मी कॅलेंडरकडं बघत राहिलो. आतून मला कळत होतं काय झालंय. ज्या मुलानं पेपर भरभरून लिहिला, त्याला मी उत्तर न वाचता गुण दिले होते. नोकरीत असताना हे केलं असतं तर मी स्वतःलाच मेमो दिला असता.

गेणबा हसायला लागले. इतके, की तंबाखूची पिंक बाहेर टाकायला उठावं लागलं.

"गुरुजी, रागवू नका. पर तुम्ही मेंढा विकणाऱ्यालाच त्याचे दात इचारले की."

"मग काय करायचं, आबा?"

"मी मेंढा कसा घेतो? बाजारात न्हाई बघत. बाजारात समदी जनावरं धुऊन, तेल लावून उभी असत्यात. त्या माणसानं मागल्या साली ज्याला इकला, त्येच्या वाड्यावर जातो. न सांगता. मेंढा जित्ता हाय का, चालतो का, कुणाला ढुसण्या देतो का, समदं तिथं दिसतंय."

"म्हणजे मागच्या वर्षी पास झालेली पोरं कुठं आहेत, ते बघायचं," प्रगती म्हणाली.

"व्हय. कुठं हायती?"

प्रगतीनं ज्ञानसंगमचं पत्रक उलटलं. मागच्या बाजूला पासपोर्ट फोटोंच्या रांगा होत्या. प्रत्येकाखाली नाव आणि 'कुरकुंभ'. कुणी क्यूसी, म्हणजे औषध तपासणीत, कुणी प्रॉडक्शन.

"कुरकुंभच्या औषध कंपन्यांची शिफ्ट तीनला सुटते," सतीश पहिल्यांदाच बोलला. "उद्या सकाळचं दूध घालून आलो की गाडी मोकळी हाय."

"आन् सहाची मुदत?" खंडूमामा म्हणाला.

"वाढंल," गेणबा म्हणाले. "तिला सवय हाय."

दुसऱ्या दिवशी आम्ही चौफुल्यावरून सोलापूर रस्त्याला लागलो. पिकअपमध्ये पुढं सतीश, मी आणि प्रगती, मागं दुधाच्या रिकाम्या कॅनांमध्ये गेणबा. पुढं बसायला ते तयार नव्हते. पुढं बसलं की रस्ता अंगावर येतो म्हणाले. दोन्ही पुस्तकं, सुवर्णशिखरचं आणि ज्ञानसंगमचं, त्यांनी मागं नेली होती. त्यांना वाचता येत नाही. पण चौफुल्यापासून कुरकुंभपर्यंत ते एकेक फोटो बघत होते, जसं कुणी लग्नाचा अल्बम बघावा.

कुरकुंभच्या वसाहतीत शिरल्यावर नाकाला पहिल्यांदा कळतं, मग डोळ्यांना. औषधाच्या कंपनीच्या गेटसमोर एक चहाची टपरी होती. आम्ही तिथं उभे राहिलो. गेणबा काठी टेकून बरोबर गेटच्या समोर जाऊन उभे राहिले. खांद्यावर घोंगडी, डोक्याला तांबडं पागोटं. गेटवरचा पहारेकरी बाहेरच्या राज्यातला होता.

"बाबा, इधर क्या चाहिए?"

"पोरं बघायचीत."

"किसका लडका?"

"कुणाचं बी चालंल," गेणबा म्हणाले.

पहारेकऱ्यानं माझ्याकडं बघितलं. मी सभ्य दिसायचा प्रयत्न केला. प्रगतीनं पुढं होऊन त्याला हिंदीत समजावलं, की अ‍ॅडमिशनचं विचारायचं आहे. त्याचा चेहरा एकदम बदलला. "अच्छा अच्छा! मेरा भी बेटा बारहवीं में है। कौन सा कॉलेज ठीक है, हमको भी बताना।" आणि त्यानं गेणबांना स्वतःची खुर्ची आणून दिली.

तीन वाजले. आधी भोंगा, मग माणसांचा लोंढा. पाठीला बॅगा, गळ्यात ओळखपत्रं, हातात डबे. कुणी बसकडं पळत होतं, कुणी मोटारसायकलला किक मारत होतं. मी आणि प्रगती कोण फार्मसीचा, कोण आयटीआयचा याचा अंदाज बांधत होतो आणि चुकत होतो. मी एका पोराला थांबवलं. तो कॅन्टीनमध्ये होता.

गेणबा खुर्चीत बसून नुसते बघत होते. डोळे बारीक, मान न हलवता. दीडशे मेंढरांत एक परकं घुसलं तर हा माणूस चालता चालता ओळखतो, हे मला माहीत होतं. पण माणसांचं काय, याची मला शंका होती.

"ही!" ते एकदम ओरडले आणि काठी उगारली. "हीच ती! थांब, पोरी!"

काठीच्या टोकाला तेवीस-चोवीस वर्षांची एक मुलगी होती. ती जागच्या जागी थिजली. तिच्या मागचे चार जणही थिजले.

"काय झालं, बाबा? मी काय केलं?"

"तू पुस्तकात हायस," गेणबा म्हणाले आणि घोंगडीतून ज्ञानसंगमचं पत्रक काढलं. "बघ. तिसऱ्या रांगेत." मग त्यांनी दुसरं पुस्तक उघडलं. "आन् हितं बी. ह्या डोंगरावरच्या कॉलेजात. नवव्या पानावर. हितं तुझं केस मोकळं हायती."

मी चष्मा सरकवला. दोन्हीकडं खरोखर तीच मुलगी होती. ज्ञानसंगमच्या पत्रकात नाव होतं मोनिका. सुवर्णशिखरच्या पुस्तकात तीच 'अनन्या एस., पॅकेज सहा लाख' होती.

मुलीनं पुस्तक हातात घेतलं. आधी तिचं तोंड उघडं राहिलं, मग ती इतकी मोठ्यानं हसली, की बस पकडणारी माणसं वळून बघायला लागली.

"सहा लाख! अय्या, हे कुणी ठरवलं? माझ्या आईला दाखवते हे. ती म्हणंल, उरलेले पैसे कुठं ठेवलेस?"

"तू ज्ञानसंगमची का सुवर्णशिखरची?" प्रगतीनं विचारलं.

"मी दोन्हीतली नाही. मी शिरूरची. शिरूरच्या कॉलेजची, बी. एस्सी. केमिस्ट्री. माझं नाव मोनिका, एवढं खरं आहे."

सतीशनं सगळ्यांना चहा सांगितला. मोनिकानं बस सोडून दिली. प्रगतीनं वही काढली आणि प्रश्न विचारायला सुरुवात केली. मी मध्ये न बोलायचं ठरवलं आणि बऱ्यापैकी पाळलं.

झालं होतं असं. दोन वर्षांपूर्वी ज्ञानसंगमच्या आवारात अनेक कॉलेजांची मिळून एक भरती झाली. कंपन्या आल्या, आसपासच्या सगळ्या कॉलेजांची पोरं आली. शिरूरच्या ढोलकीवाल्या सरांनी स्वतःच्या गाडीतून पाच जणांना नेलं. त्यातली मोनिका लागली. ज्यांचं आवार, त्या ज्ञानसंगमनं निवड झालेल्या सगळ्यांचे फोटो काढले. सुवर्णशिखरचा एक स्टॉल तिथं होता, त्यांनीही काढले. शिरूरच्या कॉलेजनं काही काढलं नाही. सरांना उशीर झाला होता, गॅदरिंगची तालीम होती.

"पगार किती?" गेणबांनी विचारलं. लोक वळसा घेऊन विचारतात ते त्यांना जमत नाही.

"सुरुवातीला पंधरा हजार, बाबा. कॉन्ट्रॅक्टवर. एक वर्षानं कंपनीनं घेतलं. आता एकवीस. क्यूसीत आहे मी."

प्रगती थांबली. "क्यूसीत? एचपीएलसीवर?"

"रोज. डोळे मिटले तरी उंचवटे दिसतात."

मी प्रगतीच्या तोंडाकडं बघितलं. ती चौथीत पहिल्यांदा सूक्ष्मदर्शक बघताना अशीच दिसत होती.

"मग फार्मसी कशाला करू?" ती म्हणाली. "तुम्ही तर बी. एस्सी. करून तिथंच पोचलात. मी आहे तिथंच राहते. घरचे पैसे वाचतील."

सतीशचा चेहरा उजळला. पण मोनिकानं मान हलवली.

"तसं पण नाही. सुरुवात सारखीच होते, पगार पण सारखाच. पण बी. फार्मला दोन दारं जास्त आहेत. कौन्सिलची नोंदणी मिळते, कुठं काही नाही जमलं तर मेडिकलमध्ये फार्मासिस्ट म्हणून उभं राहता येतं. आणि सरकारी ड्रग इन्स्पेक्टरच्या परीक्षेला बसता येतं. मला नाही बसता येत. मी चौकशी केली होती." तिनं चहाचा कप खाली ठेवला. "मला तेव्हा कुणी सांगितलं नाही. मला वाटलं केमिस्ट्री म्हणजे केमिस्ट्री."

"तुमच्याकडं ज्ञानसंगमचं खरं कुणी आहे?" प्रगतीनं विचारलं.

"आहेत ना. क्यूसीत आम्ही अकरा जण. त्यातले तीन ज्ञानसंगमचे. त्यांना मशीनला हात लावायला शिकवावं लागलं नाही, आल्या दिवशी कामाला लागले. त्यांच्याकडं एक मॅडम आहेत, त्या पोरांकडून मशीन चालवून घेतात. पुण्याच्या त्या जुन्या कॉलेजचे दोन आहेत, ते सगळ्यांत भारी. पण एक हैदराबादला चाललाय, एक पुढं शिकायला."

"आन् डोंगराचे?" गेणबांनी विचारलं.

"एक होता. त्यानं पण मशीन बघितलं होतं. फोटोत."

परतताना यवत मागं गेल्यासारखं वाटलं म्हणून मी बाहेर बघितलं, तर सतीशनं नादात चौफुल्याचा फाटा सोडून गाडी पुढं आणली होती. त्यानं गाडी वळवली. मग मागच्या बाजूनं काचेवर काठी वाजली. सतीशनं गाडी बाजूला घेतली.

गेणबा कॅनांमधून वाकून म्हणाले, "मी इचार केला. ती म्हणती पुण्याचं सगळ्यांत भारी. मग पुण्याचंच घ्या. मेंढरं इकू. चाळीस हायती, नायतरी आता माझं ऐकत न्हाईत."

सतीशनं स्टिअरिंगवरून हात काढले. मला कळलं, तो हो म्हणणार आहे, आणि प्रगतीलाही कळलं.

"आबा, चाळीस मेंढरांत दोन वर्षं होतील. पुढच्या दोन वर्षांना काय विकू?" ती म्हणाली. "ऐका माझं. पुण्याचं भारी आहे, खोटं नाही. पण विषय तेच. मशीन तेच. ज्ञानसंगमला त्या मॅडम आहेत, हे त्या कंपनीतल्या मुलीनं सांगितलं, कॉलेजनं नाही. पुण्याचे चार वर्षांचे नऊ लाख होतात. नऊ लाखांएवढं भारी आहे का ते? मला नाही वाटत."

"मग ज्ञानसंगम? खोटारडं हाय ते," गेणबा म्हणाले. "दुसऱ्याचं मेंढरू आपल्या वाड्यात मोजतंय."

"म्हणून मला आधी खरं किती ते विचारायचंय. खरं सांगितलं तर जागा घेते. नाही सांगितलं तर शिरूरलाच राहते. बी. एस्सी. करते."

"आणि रोज जाणार कशी? चौफुल्याला बस बदलून?" मी विचारलं. अंतराचा रकाना मी अजून सोडला नव्हता.

"मोनिकाताई दौंडात खोली घेऊन राहतात. त्यांची पार्टनर लग्न होऊन गेली. चहा घेताना विचारून घेतलं."

तिनं ते केव्हा विचारून घेतलं, हे मला कळलंच नव्हतं.

शेवटच्या दिवशी अकरा वाजता आम्ही ज्ञानसंगमच्या प्रवेश खिडकीपाशी होतो. खिडकीच्या आत बापूसाहेब नावाचे लिपिक बसले होते. चाळिशी नाकावर घसरलेली, शर्टाच्या खिशात तीन पेनं. प्रगतीनं सगळी कागदपत्रं क्रमानं लावून पुढं ठेवली, आणि त्यांवर हात ठेवला.

"सर, सही करायच्या आधी एक विचारू? चौऱ्याण्णव टक्के म्हणजे किती जणांतले किती?"

"ते पत्रकात आहे."

"नाही. पत्रकात फक्त टक्के आहेत."

मागं रांगेत उभे असलेले दोन बाप पुढं सरकले. बापूसाहेबांनी चष्म्यावरून बघितलं. "अठरा विद्यार्थ्यांनी नोंदणी केली. सतरा नेमणूकपत्रं मिळाली. सतरा भागिले अठरा."

"पास किती झाले होते?"

"बावन्न."

"म्हणजे चौतीस जणांनी नावच दिलं नाही, त्यांना मोजलंच नाही. आणि वरचे सतरा कुणाचे? खालचे अठरा तुमचे, हे कळलं. वरच्या सतरांत ही शिरूरची आहे." तिनं मोनिकाच्या फोटोवर बोट ठेवलं. "हिच्यासारखे आणखी किती?"

रांगेतले बाप आता खिडकीला चिकटले होते. गेणबा मला हळूच म्हणाले, "हिला तुम्ही शिकवलं व्हय? बरं झालं, मला शिकवलं न्हाई."

बापूसाहेबांनी इकडं तिकडं बघितलं, खालचा खण उघडला आणि एक लांबट, कोपरे मुडपलेलं रजिस्टर काढलं.

"पत्रक प्लेसमेंट सेल काढतो. त्याच्यात माझा हात नाही," ते हळू आवाजात म्हणाले. "पण पास झालेला प्रत्येक पोरगा कधी ना कधी या खिडकीशी येतो. मार्कशीट, ट्रान्सफर, काही ना काही लागतंच. मी विचारतो, बाबा, काय करतोस? आणि लिहून ठेवतो. अकरा वर्षं लिहितोय. कुणी बघायला मागितलं नाही आजवर."

त्यांनी रजिस्टर फिरवून तिच्यापुढं केलं. दोन वर्षांपूर्वीची तुकडी. बावन्न नावं, बारीक, सरळ अक्षर. कॉलेजात आलेल्या कंपन्यांत अकरा. स्वतः शोधून लागलेले तेरा. मेडिकलमध्ये नऊ. पुढं शिकायला सहा. उरलेल्या तेरांपुढं लिहिलं होतं, 'माहीत नाही'.

"सतरातले सहा बाहेरचे," बापूसाहेब म्हणाले.

प्रगतीनं प्रत्येक ओळ वाचली. घाई केली नाही. शेवटच्या 'माहीत नाही'वर ती बराच वेळ थांबली. चौऱ्याण्णवचं झालं होतं जेमतेम निम्मं, तेही निम्म्यांनी आपलं आपण शोधलेलं. मला वाटलं, ही आता कागद उचलणार. सतीशनंही तसंच समजून फाईलची पिशवी उघडून धरली.

"सर, हे स्वतः शोधलेले तेरा, यांनी कसं शोधलं?"

"गेटवर जाऊन," बापूसाहेब म्हणाले. "कुरकुंभ इथून पाच किलोमीटर आहे."

"मशीनवर काम करून घेणाऱ्या मॅडम अजून आहेत का?"

"आहेत. सोडून जाण्यासारख्या नाहीत त्या. आम्हालाही सोडत नाहीत."

प्रगतीनं कागदांवरचा हात काढला. "घ्या सर. प्रवेश घेते."

त्यांनी एकेक कागद तपासला. जातवैधता, नॉन-क्रिमिलेअर, उत्पन्नाचा दाखला, सीईटीचं गुणपत्रक, कॅपचं वाटपपत्र. पोर्टलवर नोंद केली आणि पावती छापून आली. सतीशनं ती दोनदा वाचली आणि वरच्या खिशात ठेवली.

"तास सुरू झालेत महिन्यापूर्वीच," बापूसाहेब म्हणाले. "दुपारी दोनला प्रॅक्टिकल आहे. अ‍ॅप्रन लागेल."

"आज?" प्रगतीनं विचारलं.

"आजच. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात मिळतो. पण दुकानवाला मोठ्या मापाचेच ठेवतो."

ती पळाली. रांगेतला पहिला बाप आता खिडकीत डोकं घालून विचारत होता, "साहेब, त्ये खालच्या खणातलं रजिस्टर... जरा आम्हाला बी दाखवता का?"